सोयाने छाती वाढते का? आणि ओल्या वजनाचा हिशेब

*ताई, मी २३ वर्षांचा, इचलकरंजीचा. वजन ६८ किलो. घरात सगळे माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही. गेले पाच महिने जिम सुरू आहे आणि प्रोटीनसाठी रोज २०० ग्रॅम सोया चंक्स (भिजवून, काट्यावर मोजून) खातो. पाकिटावर ५२ टक्के लिहिलंय, म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन झालं, म्हणून दूध आणि उसळ बंद केली. पण वजन सहा किलो वाढलं तरी बेंच आणि स्क्वॉट दोन महिने तिथेच अडकलेत. त्यात जिमचे सर म्हणाले, सोयात बायकांचं हार्मोन असतं, छाती सुटते, पुढे मूल व्हायला त्रास होतो. मला खरंच छातीजवळ जाड वाटतंय. आई पण घाबरली आहे. तीही माझ्याबरोबर हीच भाजी खाते आणि तिला थायरॉईडची गोळी चालू आहे. सोया बंद करू का? टोफू चालेल का? रोज किती सुरक्षित? — वि., इचलकरंजी*

प्रिय वि.,

सोया बंद करू नकोस. मात्र तू ते मोजतोस कसं, ते आधी दुरुस्त करू या, कारण तुझ्या लिफ्ट अडकण्याचं कारण मला हार्मोनपेक्षा तुझ्या वजनकाट्यावर जास्त दिसतंय.

पाकिटावरचे ५२ टक्के कोरड्या चंक्सचे असतात. चंक्स भिजले की स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पितात. ५० ग्रॅम कोरडे चंक्स भिजवून, उकळून, नीट पिळले तरी काट्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात. प्रोटीन तेवढंच राहतं, २६ ग्रॅम. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं. म्हणजे तुझे भिजवलेले २०० ग्रॅम हे कोरडे ६५ ते ७० ग्रॅम, आणि त्यातून मिळणारं प्रोटीन साधारण ३५ ग्रॅम. तू शंभर धरून चालला होतास आणि त्या भरवशावर दूध, उसळ दोन्ही सोडलंस. सहा चपात्या, थोडा भात आणि वाटीभर वरण यांचे मिळून ३० ग्रॅम धरले, तरी दिवसाचा आकडा ६५ वर थांबतो. ६८ किलोच्या, वजन उचलणाऱ्या मुलाला हे कमी आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीनचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही. तुझ्यासाठी ते होतात दिवसाला ११० ग्रॅम. तू निम्म्याच्या थोडा पुढे आहेस.

ही चूक शाकाहारी मुलांमध्ये मी सारखी पाहते, आणि ती लवकर ध्यानात येत नाही, कारण पोट भरलेलं असतं. ती ओळखायची खूण सोपी आहे. वजन वाढतंय, कंबर वाढतेय आणि बारवरचं वजन मात्र जागचं हलत नाही, असं दिसलं की आधी प्रोटीन कोरड्या वजनावर पुन्हा मोजायचं. चंक्सची भाजी तेल भरपूर पिते, हेही लक्षात ठेव. आपल्याकडच्या तर्रीदार रश्शात बुडालेल्या चंक्सच्या ताटात कॅलरी बऱ्याचदा चंक्सपेक्षा तेलाच्या जास्त असतात.

आता हार्मोनचं. सरांचं बोलणं अगदीच हवेतून आलेलं नाही, त्यामुळे ते कुठून आलं ते तुला माहीत असायला हवं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात. त्यांची रासायनिक ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी थोडी मिळतीजुळती आहे, म्हणून त्यांना वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, आणि त्यामागे याच कुळातली द्रव्यं निघाली. भीतीची सुरुवात तिथे झाली. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांनी तिला खतपाणी मिळालं. पण मेंढ्या दिवसभर दुसरं काही खात नव्हत्या, त्यांच्या पोटात त्या द्रव्याचं रूपांतर वेगळं होतं, आणि उंदराचं शरीरही आयसोफ्लेवोन माणसासारखं हाताळत नाही.

माणसाच्या शरीरात इस्ट्रोजेनला चिकटायच्या जागा दोन प्रकारच्या असतात, अल्फा आणि बीटा. खरं इस्ट्रोजेन दोन्हींवर जोरात काम करतं. आयसोफ्लेवोन मुख्यतः बीटावर बसतं आणि तिथेही त्याचा जोर खूप कमी असतो. त्यामुळे ‘सोयात बायकांचं हार्मोन असतं’ हे वाक्य चुकीचं आहे. त्यात हार्मोन नसतं. हार्मोनच्या जागेवर हलकेच बसू शकणारं एक द्रव्य असतं.

ते बसल्यावर पुरुषांच्या रक्तात काय बदलतं, हे मोजून पाहिलेलं आहे. २०१० साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. २०२१ साली त्याहून मोठा, ४१ अभ्यासांचा आढावा आला. सोया प्रोटीन किंवा आयसोफ्लेवोन घेणाऱ्या पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉन, मोकळं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांपैकी कशातही फरक आढळला नाही, मात्रा कमी असो की जास्त, दिवस थोडे असोत की पुष्कळ. मूल होण्याबद्दलची भीती बहुतेक वेळा २००८च्या एका अमेरिकी अभ्यासावर उभी असते. त्यात जास्त सोया खाणाऱ्या पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूंची दाटी कमी दिसली होती, पण शुक्राणूंची एकूण संख्या, हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. शिवाय ते सगळे पुरुष वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेल्या जोडप्यांतले होते. त्यावरून ‘सोया खाल्लं की मूल होत नाही’ असं म्हणता येत नाही.

छाती वाढल्याची किंवा टेस्टोस्टेरॉन उतरल्याची खरी प्रकरणंही वैद्यकीय नोंदीत आहेत, ती तुझ्यापासून लपवत नाही. अमेरिकेतला साठ वर्षांचा एक गृहस्थ रोज जवळजवळ पावणेतीन लिटर सोया दूध पीत होता. त्याची छाती दुखू लागली, वाढली आणि रक्तातलं इस्ट्रोजेनही वाढलेलं निघालं. दुसरा १९ वर्षांचा, मधुमेह असलेला मुलगा होता. पूर्ण वनस्पतीजन्य आहारात त्याच्या पोटात रोज ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन जात होतं. त्याचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, इच्छा गेली. दोघांनीही सोया थांबवल्यावर तब्येत पूर्वपदावर आली. आता हे ३६० मिलिग्रॅम तुझ्या ताटात बसवून बघ. १०० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये ढोबळमानाने दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असतं, आणि उकळून पाणी फेकल्यावर त्यातलं काही निघून जातं. म्हणजे त्या मुलाच्या पातळीला जायला तुला रोज, न चुकता, कोरडे दोनशे ग्रॅम आणि वर चंक्स खावे लागतील. भिजवल्यावर ते सहाशे ग्रॅमच्या पुढे भरतील. तू त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहेस.

आणि सोयाने स्नायू कमी बनतात का, याचंही उत्तर आहे. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठात तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक गट पूर्ण वनस्पतीजन्य खाणारा, त्याला वरून सोया प्रोटीन. दुसरा सगळं खाणारा, त्याला दुधापासून काढलेलं व्हे प्रोटीन. दोघांचंही दिवसाचं एकूण प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमवर आणलं. पायांचा व्यायाम सारखाच. शेवटी स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखी वाढली. ही मुलं नवशिकी होती, मुरलेले लिफ्टर नव्हते, एवढी मर्यादा त्याला आहे. पण तूही पाच महिन्यांचाच आहेस, तेव्हा हा निकाल तुला लागू पडतो. त्यात दिवसाची बेरीज पूर्ण होती, तुझी होत नाही, एवढाच फरक.

छातीबद्दल मात्र हातानं तपासून बघ. आडवा झोप, अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंना ठेव आणि हलकेच मधोमध आण. बोटं मऊ चरबीतून सरळ स्तनाग्रापर्यंत पोचली तर ती चरबी आहे. पाच महिन्यांत सहा किलो वाढलेल्या आणि प्रोटीन कमी खाणाऱ्या मुलाच्या अंगावर ती चढणारच. पण स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट, बटणासारखी चकती लागली, दाबल्यावर दुखली, तर ती ग्रंथी आहे. मग डॉक्टरकडे जायचं. गाठ एकाच बाजूला, कडक किंवा मधोमध नसलेली असेल, स्तनाग्रातून पाणी येत असेल किंवा अंडकोषात गाठ जाणवत असेल, तर त्याच आठवड्यात जायचं. डॉक्टरांपुढे जिममधून घेतलेल्या प्रत्येक डब्याचं आणि इंजेक्शनचं नाव खरं सांगायचं. तुझ्या वयात ग्रंथी वाढण्यामागे वयात येतानाचे बदल रेंगाळलेले असू शकतात, केस गळतीसाठी घेतलेली फिनास्टेराइडची गोळी असू शकते, आणि जिममध्ये जाणाऱ्यांत तर स्टेरॉइड हे फार मोठं कारण आहे. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर स्वतःच इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, छाती सुटते ती त्यातून. ‘टेस्ट बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींतही कधीकधी लेबलवर नसलेली हार्मोन सापडतात. असं काही घेत असशील तर थांबव, आणि डॉक्टरांना सांगूनच थांबव, कारण इंजेक्शनचा कोर्स मध्येच तोडल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन काही काळ खाली राहतं.

टेस्टोस्टेरॉन तपासायचं ठरलं तर सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशी पोटी, नीट झोप झालेल्या दिवशी तपास. ते सकाळी सर्वांत वर असतं आणि दिवसभरात उतरतं. संध्याकाळी जिम करून लॅबमध्ये गेलेल्या मुलाचा आकडा कमी येतो आणि घरात उगाच रडारड होते. एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करायचं, एका रिपोर्टवर निष्कर्ष नाही.

किती खावं, याला पुरुषांसाठी जगभर मान्य असा एक आकडा नाही. जपानच्या अन्न सुरक्षा आयोगाने २००६ साली दिवसाला ७० ते ७५ मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असा एक सावध आकडा दिला होता. पण त्याला आधार होता पाळी गेलेल्या स्त्रियांना पाच वर्षं रोज १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या देऊन केलेल्या अभ्यासाचा, आणि ती मात्रा निम्मी करून हा आकडा काढला. दुसरीकडे, ‘२५ ग्रॅमच्या वर सोया नको’ असे निरोप तू पाहिले असशील. २५ ग्रॅम हा आकडा अमेरिकेच्या अन्न-औषध विभागाने १९९९ साली वापरला होता, पण तो दिवसाला तेवढं सोया प्रोटीन हृदयासाठी उपयोगी ठरू शकतं, असं पाकिटावर छापायला परवानगी देताना. ती वरची मर्यादा नव्हती. तो दावाही आता तितका भक्कम मानला जात नाही. पण योगायोगाने २५ ग्रॅम सोया प्रोटीन म्हणजे ५० ग्रॅम कोरडे चंक्स, आणि मी रोजच्यासाठी हाच आकडा सांगते. एखाद्या दिवशी ७० झाले तर काही होत नाही. रोज शंभर-दीडशे ग्रॅम खाऊ नये असं मी म्हणते, पण त्यामागे हार्मोनपेक्षा पोट आणि ताट ही कारणं आहेत. एवढ्यावर गॅस धरतो, ताटात दुसऱ्या डाळी-कडधान्यांना जागा उरत नाही, आणि सोयातलं फायटेट लोह आणि जस्त शोषायला अडथळा करतं. सोबत लिंबू पिळलंस तर लोहापुरता तरी उपाय होतो.

टोफू नक्की चालेल. त्यात पाणी जास्त, त्यामुळे १०० ग्रॅममध्ये प्रोटीन साधारण १२ ते १५ ग्रॅम आणि आयसोफ्लेवोन पंचवीसच्या आसपास, म्हणजे चंक्सपेक्षा बरंच कमी. चंक्स तेल काढलेल्या सोयाच्या पेंडीपासून बनतात, टोफू मात्र सोया दूध फाडून बनतो आणि त्यात तंतू जवळजवळ उरत नाहीत, म्हणून पोटाला हलका जातो. कंपनीगणिक प्रोटीन बदलतं, तेव्हा लेबल वाच. मऊ टोफू आणि घट्ट टोफू यांत दुपटीचा फरकही असतो. उघडलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेव, पाणी रोज बदल, आंबूस वास किंवा बुळबुळीत हात लागला की टाकून दे.

तुझा दिवस असा बसतो. चपात्या, भात, वरणाचे ३० तसेच. अर्धा लिटर दूध परत सुरू कर, १६. दोनशे ग्रॅम दही, ७. मटकीच्या उसळीची भरलेली मोठी वाटी, ९. संध्याकाळी जिमला जायच्या आधी ५० ग्रॅम फुटाणे, १०-११. हे झाले ७३ च्या आसपास. कोरडे ५० ग्रॅम चंक्स घातले की ९९. वर १०० ग्रॅम टोफू, म्हणजे ११० पार. टोफू इचलकरंजीत रोज मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर त्या दिवशी ७० ग्रॅम पनीर घे, चालतं. चंक्स एकाच वेळी न खाता दुपारी आणि रात्री निम्मे निम्मे खा.

करताना कोरडे चंक्स तोलून घे. उकळत्या पाण्यात मीठ टाकून दहा मिनिटं उकळ, मग ते पाणी फेक. गार पाण्यात टाकून मुठीत दाबून पिळ, पाणी दुधाळ येईल. ते स्वच्छ यायला लागेपर्यंत दोन-तीनदा हेच कर. गॅस धरवणारी साखर त्या दुधाळ पाण्यातून बरीच निघते आणि तो कच्चट वासही जातो. प्रोटीन फारसं जात नाही. मग चमचाभर तेलात कांदा, कांदा-लसूण मसाला आणि कोरडे परतलेले चंक्स. पातळ रस्सा नको, तेलाचा हिशेब हाताबाहेर जातो. पहिल्या आठवड्यात ३० ग्रॅमच खा आणि पोट बघून पन्नासवर ये. तुला किंवा घरात कुणाला ऑक्झलेटचे मुतखडे झाले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चंक्स रोज नकोत. सोयाने अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात अशी अॅलर्जी असेल तर तो विषयच संपला.

आईसाठी वेगळं सांगते. मीठ आयोडीनचं असेल तर सोयाने थायरॉईड बिघडत नाही. घरात उपवासाचं म्हणून सैंधवच रोज वापरत असाल तर ते बदला, त्यात आयोडीन पुरेसं नसतं. अडचण आहे ती गोळीची. सोया ती आतड्यात नीट शोषू देत नाही, मग गोळी घेऊनही टीएसएच चढतो. गोळी पहाटे उपाशी पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासाने. सोयाची भाजी गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणात आली की झालं. नाश्त्याला सोया नको. त्या तुझ्याबरोबर नव्यानेच सोया खाऊ लागल्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांना तेवढं सांगा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच एकदा तपासून घ्या. तोपर्यंत आठवड्याला सोयाचं प्रमाण एकसारखं ठेवा, एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका, नाहीतर गोळीची मात्रा ठरवणं डॉक्टरांना अवघड जातं.